दोन, पण एकवचनी

समजा, तार्तू विद्यापीठात शिकायला गेलेली एक मराठी मुलगी आहे. एस्टोनियात तिला वर्ष होत आलं आहे, एस्टोनियन भाषेचा वर्ग चालू आहे, आणि खोलीतली मैत्रीण एस्टोनियन आहे. मैत्रीण दुकानात निघाली म्हणून हिने फोनवर इंग्रजी बाजूला ठेवून धिटाईने एस्टोनियनमध्ये निरोप लिहिला. तो देवनागरीत असा उतरेल:

«तेरे! पालुन ओस्ता पोएस्त काक्स लेइवाद, लीतेर पीम, क्युम्मे मुने, वीस तोमाती, किलो अउना, पोल किलो यूस्त या युक्स पाक्की वइद. आइतॅह!»

म्हणजे: नमस्कार! दुकानातून दोन पाव, एक लिटर दूध, दहा अंडी, पाच टोमॅटो, किलोभर सफरचंदं, अर्धा किलो चीज आणि लोण्याचं एक पाकीट आण. आभार! (यातला «वीस» म्हणजे पाच. मराठी माणसाने पाच टोमॅटोंच्या जागी वीस मोजून घेतले तर दोष त्याचा नाही.)

हा निरोप या लेखासाठी जुळवला आहे, पण त्यातली एकही चूक काल्पनिक नाही. एस्टोनियन शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या वहीत त्या सापडतील. सात जिन्नस आहेत आणि प्रत्येकात एखाद-दुसऱ्या अक्षराची गडबड आहे. मैत्रिणीला सगळं कळेल, पिशवीत बरोबर सामान येईल. तरी निरोप बारकाईने वाचला, तर सातही चुका एकाच ठिकाणी झालेल्या दिसतात: आकडा किंवा माप संपतं आणि वस्तूचं नाव सुरू होतं, त्या सांध्यावर. शिवाय या सातांची कारणं एक नाहीत. कुठे मराठीची सवय नडली, कुठे वर्गात शिकलेला नियम अर्धवट लक्षात राहिला, कुठे तोच नियम नको तिथे वापरला गेला.

चुका दुरुस्त केल्यावर निरोप असा होतो:

«तेरे! पालुन ओस्ता पोएस्त काक्स लेइबा, लीतेर पीमा, क्युम्मे मुना, वीस तोमातित, किलो अउनू, पोल किलो यूस्तू या युक्स पाक्क वइद. आइतॅह!»

एस्टोनियन रोमन लिपीत लिहितात. इथे देवनागरीत आणताना दोन तडजोडी केल्या आहेत. त्या भाषेत «ओ»चा एक स्वर ओठ गोल न करता म्हणतात; त्यासाठी इथे «अ» वापरला आहे, म्हणून सफरचंद «अउन» आणि लोणी «वइ». दुसरा एक स्वर ओठ पुढे काढून «ई» म्हटल्यासारखा असतो, त्यासाठी «यु». एवढं सांभाळलं की बाकीचं वाचता येतं.

पहिला जिन्नस पाव. «लेइब» म्हणजे राईच्या पिठाचा काळपट, आंबूस पाव. गव्हाच्या पांढऱ्या पावाला वेगळा शब्द आहे, «साइ». मराठीत दोन पोळ्या, तीन भाकऱ्या, चार केळी म्हणतात, म्हणजे एकापुढची संख्या आली की वस्तूचं अनेकवचन होतं. मुलीने तेच केलं. «लेइब»चं अनेकवचन «लेइवाद», म्हणून «काक्स लेइवाद». मराठी डोक्याला यात काहीच खटकत नाही.

एस्टोनियनमध्ये मात्र दोनच्या पुढे कितीही संख्या असली, तरी तिच्यामागे नाम एकवचनात राहतं. ते एकवचनही साधं नसतं, एका खास विभक्तीत असतं. एस्टोनियनमध्ये चौदा विभक्ती आहेत आणि त्यांतल्या या विभक्तीचं नाव «ओसास्ताव». «ओसा» म्हणजे भाग किंवा हिस्सा, त्यावरून आलेलं नाव. मराठीत तिला अंशवाचक विभक्ती म्हणू. «लेइब»चं अंशवाचक एकवचन «लेइबा». म्हणून दोन पाव म्हणजे «काक्स लेइबा», शंभर पाव म्हणजे «सादा लेइबा». अर्धा पाव मागायचा तरी «पोल लेइबा», कारण «पोल» म्हणजे अर्धा, आणि तोही याच नियमात बसतो.

एकवचन का, याचं उत्तर या विभक्तीच्या जुन्या अर्थात आहे. एस्टोनियन, फिनिश आणि बाल्टिक समुद्राकाठच्या त्यांच्या सख्ख्या भाषांच्या पूर्वज भाषेत या विभक्तीचा अर्थ «पासून, मधून» असा होता, म्हणजे आपल्या पंचमीच्या जवळचा. त्याच्या खुणा अजून शिल्लक आहेत. फिनिशमध्ये «कोतोआ» म्हणजे घरून, आणि एस्टोनियनमध्ये «आल्त» म्हणजे खालून. दोन्हींत तोच जुना प्रत्यय दडलेला आहे. तेव्हा «काक्स लेइबा»च्या मुळाशी «पावातून दोन» अशी कल्पना आहे. पाव हा एक प्रकार आणि त्यातून उचललेले दोन नग. प्रकार एकच असल्यामुळे नाम एकवचनात, आणि त्यातून काही काढून घेतलं म्हणून नामाला «मधून»चा प्रत्यय. आज एस्टोनियन माणूस असा विचार करून बोलत नाही, पण शिकणाऱ्याला एवढं कळलं तर «दोन» आणि एकवचन यांचं भांडण बरंच मिटतं.

दुसरी गोष्ट जास्त छळणारी आहे. «लेइब»ची रूपं पाहा: मूळ शब्द «लेइब», षष्ठीचं रूप «लेइवा», अंशवाचक «लेइबा». मधलं «ब» षष्ठीत «व» होतं आणि अंशवाचकात परत «ब» होतं. कारण शेकडो वर्षांपूर्वीच्या उच्चारात आहे. षष्ठीच्या शेवटी तेव्हा «न» होता. त्यामुळे शेवटचं अक्षर व्यंजनाने बंद झालं आणि त्याआधीचं व्यंजन सैल पडलं. अंशवाचक रूपात शेवट स्वराने उघडा राहिला, म्हणून व्यंजन टिकलं. पुढे «न» गळाला, अंशवाचकाचा प्रत्ययही अशा शब्दांत झिजून गेला, आणि आज दोन्ही रूपं फक्त मधल्या व्यंजनावरून ओळखायची वेळ आली. ज्या गोष्टीमुळे फरक पडला ती गेली आणि फरक मात्र राहिला. या भाषेत असं पावलोपावली दिसतं.

म्हणूनच एस्टोनियन शब्दकोशात नामापुढे तीन रूपं दिलेली असतात: प्रथमा, षष्ठी, अंशवाचक. शाळेतली मुलंही ती याच क्रमाने म्हणतात. शब्द शिकायचा म्हणजे तिन्ही रूपं एका दमात शिकायची. नुसतं «लेइब म्हणजे पाव» एवढं लिहून ठेवलं तर पुढच्या सगळ्या खरेदीत ते अडतं.

आता टोमॅटोकडे वळू, कारण ही चूक खास मराठी माणसाची म्हणता येईल. मुलीने «वीस तोमाती» लिहिलं. हवं होतं «वीस तोमातित». «तोमात» हा मूळ शब्द आणि «तोमाती» ही त्याची षष्ठी. इथे मुलगी पहिल्या चुकीपेक्षा एक पायरी पुढे आहे. अनेकवचन वापरायचं नाही हे तिला कळलं, नामाचं रूप बदलायला हवं हेही कळलं. फक्त तिने भलतं रूप उचललं.

त्याचं कारण मराठीत शोधायला हवं. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं: घोडा, पण घोड्याला, घोड्याचा, घोड्यावर. एकदा «घोड्या» हे रूप हाती आलं की पुढचे सगळे प्रत्यय त्याला चिकटवता येतात. एस्टोनियन षष्ठी बऱ्याच अंशी तशीच वागते. «लेइवा»ला «गा» लावलं की पावासह, «ले» लावलं की पावावर, «स्त» लावलं की पावातून. चौदापैकी बहुतेक विभक्ती षष्ठीच्या रूपावर उभ्या आहेत. मराठी विद्यार्थ्याला हे झटकन कळतं, कारण सामान्यरूप त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. इथेच गफलत होते. त्याला वाटतं, विभक्तीचं सगळं काम षष्ठीवरून भागेल. एकवचनाचं अंशवाचक रूप मात्र षष्ठीवरून हमखास बनवता येत नाही. ते तिसरं आहे आणि ते वेगळंच पाठ करावं लागतं.

फसायला मदत करणारे शब्दही भरपूर आहेत. «पीम» म्हणजे दूध, षष्ठी «पीमा», अंशवाचकही «पीमा». «अउन»ची षष्ठी «अउना», अंशवाचकही «अउना». अंड्याची तर तिन्ही रूपं एकच: «मुना, मुना, मुना». पीठ म्हणजे «याहू», मासा म्हणजे «काला», मांस म्हणजे «लिहा», यांचंही तसंच. पहिले काही आठवडे असेच शब्द वाट्याला आले, तर षष्ठी आणि अंशवाचक एकच असा समज पक्का होतो. मग टोमॅटो येतो, त्याला «त» लागतो. कांदा «सिबुल», षष्ठी «सिबुला», पण तीन कांदे म्हणजे «कोल्म सिबुलात». काकडी «कुर्क», षष्ठी «कुर्गी», पण दोन काकड्या म्हणजे «काक्स कुर्की». साखर «सुह्कुर», षष्ठी «सुह्क्रू», अंशवाचक «सुह्क्रुत».

दुधाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, जी फोनवरच्या निरोपात लपून जाते. «पीमा» दोन्ही विभक्तींत सारखंच लिहितात, पण बोलताना फरक असतो. एस्टोनियनमध्ये स्वर-व्यंजनांची लांबी तीन पातळ्यांची आहे: ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ. षष्ठीतला «पी» दीर्घ, अंशवाचकातला अतिदीर्घ. लिपीत ही तिसरी लांबी सहसा दाखवत नाहीत. म्हणून लिखाणात बरोबर उतरलेलं «लीतेर पीमा» दुकानात बोलताना किंचित परकं वाटू शकतं. परदेशी माणसाच्या बोलण्यात एस्टोनियन कानाला जे खटकतं, त्यात या लांबीचा वाटा मोठा असतो.

लिटरभर दूध आणि अर्धा किलो चीज यांतली चूक सरळ आहे. मराठीत माप पुढे आणि वस्तू मागे, आणि वस्तूला काहीच लागत नाही: लिटरभर दूध, पावशेर खवा. मुलीने मराठी वाक्यात फक्त शब्द बदलले: «लीतेर पीम», «किलो यूस्त». एस्टोनियनमध्ये मापामागची वस्तू अंशवाचक विभक्तीतच हवी, कारण एवढ्या सगळ्या दुधातून आपण लिटरभरच काढून घेत असतो. त्या विभक्तीचा जुना अर्थ इथे अजून जवळजवळ जसाच्या तसा कळतो.

मापापुढे संख्या आली की साखळी तयार होते. एक लिटर दूध म्हणजे «युक्स लीतेर पीमा», दोन लिटर दूध म्हणजे «काक्स लीत्रित पीमा». दोन या संख्येने लिटरचं रूप बदललं आणि लिटरने दुधाचं. दोन्ही शब्द अंशवाचकात आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी. शिकणारे बहुतेकदा साखळीची एकच कडी जोडतात: कधी «काक्स लीत्रित पीम», कधी «काक्स लीतेर पीमा». कुठली कडी सुटली यावरून शिक्षकाला अंदाज येतो. दूध सुटलं असेल तर संख्येचा नियम पक्का आहे पण मापाचा नाही. लिटर सुटला असेल तर उलट. «पोल किलो यूस्तू»मध्येही अशा दोन कड्या आहेत, पण «किलो» हा शब्द तिन्ही रूपांत «किलो»च राहतो, त्यामुळे पहिली कडी आपोआप जुळते आणि चुकायला फक्त चीज उरतं.

आता अंडी आणि सफरचंदं. या दोन चुका एकमेकींच्या उलट आहेत, म्हणून त्या एकत्र पाहायला हव्यात. मुलीने दहा अंड्यांसाठी अंशवाचक अनेकवचन «मुने» वापरलं आणि किलोभर सफरचंदांसाठी अंशवाचक एकवचन «अउना». हवं होतं नेमकं उलट: «क्युम्मे मुना», पण «किलो अउनू». होय, अंशवाचक विभक्तीलाही अनेकवचन आहे, आणि ते बनवताना शेवटचा स्वर बदलतो: «मुना»चं «मुने», «अउना»चं «अउनू», «काला»चं «कालू».

फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. संख्या नग मोजते, म्हणून नाम एकवचनात. किलो नग मोजत नाही. किलोत पाच सफरचंदं असतील, सात असतील; ती एक रास आहे आणि राशीत सफरचंदं अनेक आहेत, म्हणून अनेकवचन. हाच न्याय खोक्याला आणि पिशवीला. दहा अंडी «क्युम्मे मुना», पण अंड्यांचं खोकं «कार्प मुने». एस्टोनियन दुकानात अंडी बहुधा दहाच्या खोक्यात मिळतात, म्हणजे पिशवीत वस्तू तीच येणार. बदलला तो बोलण्यातला मोजण्याचा मार्ग. मुलीने कुठेतरी «कार्प मुने» वाचलं असणार आणि ते «मुने» दहाला जोडलं. मराठीतल्या «दहा अंडी»च्या अनेकवचनाने त्याला दुजोरा दिला.

सफरचंदांच्या बाबतीत मात्र तिने मराठीचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मराठीतही किलोभर सफरचंदं, दोन किलो बटाटे, अनेकवचनच. मापापुरती मराठी आणि एस्टोनियन एकाच वाटेने जातात, संख्येला मात्र त्यांची फारकत होते. पण आकड्यामागे एकवचन हा नियम तिने कष्टाने शिकला होता, आणि किलोलाही तोच लावून टाकला. नवा नियम हाती आला की काही दिवस तो सगळीकडे लावला जातो. अशी चूक पाहून शिक्षक फारसा निराश होत नाही, कारण ती «लेइवाद»पेक्षा बरीच पुढची आहे.

«अनेक», «काही», «किती» या शब्दांतही हीच फूट आहे. «पाल्यू» म्हणजे पुष्कळ, आणि तो रास पाहतो: «पाल्यू अउनू», अनेकवचन. «मितू» म्हणजे कित्येक किंवा किती, आणि तो नग मोजतो: «मितू अउना», एकवचन. दुकानदाराने «मितू?» विचारलं तर उत्तर नगांत द्यायचं, «कुई पाल्यू?» विचारलं तर वजनात दिलं तरी चालतं. «पार» हा शब्द तर दोन्हीकडे खेळतो. «पार सोक्की» म्हणजे दोन-चार मोजे, एकवचन, कारण तो संख्येसारखा वापरला आहे. «पार सोक्के» म्हणजे मोज्यांचा एक जोड, अनेकवचन, कारण जोड हे माप झालं. या लेखातल्या उदाहरणांत शेवटच्या एका स्वराने खरेदी खरोखर बदलते ती इथे.

शेवटचा जिन्नस लोणी. «युक्स पाक्की वइद» यात लोण्याचं रूप अगदी बरोबर आहे. «वइ»चं अंशवाचक «वइद». ते बाहेरून अनेकवचनासारखं दिसतं, कारण «द» हा एस्टोनियन अनेकवचनाचाही प्रत्यय आहे. चहा म्हणजे «ते», त्याचंही अंशवाचक «तेद». त्या सापळ्यातून मुलगी सुटली आणि पाकिटात अडकली. एकामागे नाम साध्या प्रथमेत असतं: «युक्स पाक्क». दोन पाकिटं असती तर «काक्स पाक्की». आकडा दिसला की अंशवाचक, अशी सवय लागल्यावर एकालाही ती लागू होते. या मुलीचा तो दोष नवा आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने बहुधा «युक्स पाक्क वइ» लिहिलं असतं, म्हणजे पाकीट बरोबर आणि लोणी चूक.

एकाचा हा अपवाद फक्त सुट्या एकापुरता आहे. एकवीस युरो झाले तर «काक्सक्युम्मेंद युक्स एउरोत», एकशे एक झाले तरी तसंच. एकवीसमध्ये एक दडलेला असला तरी नाम अंशवाचकातच जातं. रशियन मातृभाषेच्या लोकांना, आणि एस्टोनियात त्यांची संख्या मोठी आहे, हे खास सांगावं लागतं. रशियनमध्ये एकवीसमागे नाम एकासारखंच वागतं, दोन ते चारमागे षष्ठी एकवचनात जातं, आणि पाचपासून वीसपर्यंत षष्ठी अनेकवचनात. त्यामुळे रशियन माणसाला «काक्स लेइबा»तलं एकवचन सोपं जातं, पण पाचापुढे त्याचा हात अनेकवचनाकडे वळतो आणि «वीस लेइबू» लिहिण्याचा मोह होतो. मराठी मुलीला दोनपासूनच अनेकवचन हवंसं वाटतं. दोघांची चूक एकाच जागी होते, पण दोघांच्या मातृभाषा त्यांना वेगवेगळ्या दारांनी तिथे आणतात. तालिन विद्यापीठात परभाषिकांनी लिहिलेल्या एस्टोनियन मजकुरांचा संग्रह करून अभ्यासासाठी ठेवला आहे, तो अशाच तुलनांसाठी उपयोगी पडतो.

या सगळ्यात शिकणाऱ्याच्या मदतीला रोज येणारी जागा म्हणजे गल्ला. एस्टोनियात १ जानेवारी २०११पासून युरो चालतो, आणि एस्टोनियन गल्ल्यावर प्रत्येक किंमत अंशवाचकात ऐकू येते: «काक्स एउरोत», «वीसक्युम्मेंद सेन्ती», म्हणजे दोन युरो, पन्नास सेंट. फक्त नेमका एक युरो झाला तर «युक्स एउरो». दिवसातून चार वेळा बिल ऐकणारा माणूस व्याकरणाचं पुस्तक न उघडता या दोन शब्दांची रूपं शिकतो. मग इतर शब्दांत नियम चुकला तरी युरोत चुकत नाही.

आणि ज्यांना नियम टाळायचा आहे, त्यांच्यासाठी पळवाटही आहे. एस्टोनियन लोक स्वतःच्या खरेदीच्या यादीत पूर्ण वाक्य कशाला लिहितील? ते लिहितात «पीम, लेइब, यूस्त», सगळं साध्या प्रथमेत, कारण मागे-पुढे आकडा नाही. आकडा लागलाच तर वस्तू आधी आणि आकडा मागे, नगांना एक छोटं संक्षिप्त रूप: «लेइब, दोन नग». लिटर आणि ग्रॅमही संक्षेपात लिहिले की त्यांची विभक्ती दिसत नाही. हुशार विद्यार्थी ही युक्ती लवकर उचलतात आणि वर्षभर एकही चूक न करता याद्या लिहितात. शिक्षकाला मात्र त्या यादीवरून काहीच कळत नाही.

मुलीच्या निरोपात आणखी एक सोय लपलेली आहे. तिने आज्ञार्थ वापरला: «ओस्ता», आण किंवा विकत घे. आज्ञार्थात पूर्ण वस्तू आणायला सांगितली की कर्म साध्या प्रथमेत राहतं, म्हणून «युक्स पाक्क वइद» बरोबर. मैत्रीण परत आल्यावर «मी लोण्याचं एक पाकीट आणलं» म्हणेल, तेव्हा वाक्य होईल «ओस्त्सिन युहे पाकी वइद». एक आणि पाकीट दोन्ही षष्ठीत गेले, लोणी मात्र जागचं हललं नाही. «दोन पाव आणले» म्हणताना तर «काक्स लेइबा» जसंच्या तसं राहतं. म्हणजे संख्येमागचं अंशवाचक रूप खरेदीच्या वाक्यात टिकाऊ आहे. ते सुटतं ते संख्या स्वतःच दुसऱ्या विभक्तीत गेल्यावर: दोन पावांसह म्हणजे «काहे लेइवागा». तिथे «काक्स»चं «काहे» झालं, आणि पाव आपलं अंशवाचक रूप सोडून संख्येच्या मागे गेला. नकारात उलट घडतं. आकडा नसला तरी अंशवाचक येते. दुकानात लोणी नव्हतं हे «वइद एइ ओल्नुद» असं सांगतात, आणि दूध आणू नकोस म्हणजे «अॅरा ओस्ता पीमा».

आकडाही नाही आणि नकारही नाही, तेव्हा निवड बोलणाऱ्याच्या हातात असते. «ओस्ता लेइब» म्हणजे पाव आण, एक अख्खा, ठरलेला. «ओस्ता लेइबा» म्हणजे पाव आण, किती ते तू बघ. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि दोन्हींनी घरात पावच येतो. संख्या आली की मात्र ही मोकळीक संपते.

निरोप लिहिताना शंका आली, तर एस्टोनियन भाषा संस्थेचा शब्दकोश sonaveeb.ee वर मोफत उघडतो. शब्द टाकला की त्याच्या सगळ्या विभक्तींचा तक्ता दिसतो, एकवचन एका बाजूला, अनेकवचन दुसऱ्या. नग मोजायचे असतील तर «ओसास्ताव»च्या ओळीतलं एकवचन घ्यायचं, किलो, खोकं किंवा पिशवी असेल आणि वस्तू मोजता येण्यासारखी असेल तर त्याच ओळीतलं अनेकवचन.

हा शेवटचा नियम भाजीपाल्यात थोडा सैल होतो. एस्टोनियन पाककृतींत अर्धा किलो बटाटे कधी «कार्तुलेइद» असे अनेकवचनात लिहिलेले दिसतात, तर कधी «कार्तुलित» असे एकवचनात. कांदा, गाजर यांचंही तसंच. बटाटा सोलून, चिरून भांड्यात जायचा असेल तर तो नगांचा राहत नाही, पिठासारखा एक जिन्नस होतो, आणि भाषा त्याला दुधाच्या रांगेत बसवते. म्हणून विद्यार्थ्याने «किलो कार्तुलित» लिहिलं तर शिक्षक लाल खूण करत नाही. खूण पडते ती «किलो कार्तुल» लिहिल्यावर.